वीज जाळायची की ठेव पणाला लावायची?

१५ सप्टेंबर २०२२. भारतात दुपारचे बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. इथेरियम या चलनाच्या जाळ्याने आपल्या वहीचं एक पान जुन्या पद्धतीने लिहिलं आणि त्याच्या पुढचं पान नव्या पद्धतीने. कोणाच्या खात्यातली रक्कम बदलली नाही, एकही व्यवहार थांबला नाही. पुढचं पान कोणी लिहायचं हे ठरवण्याची रीत तेवढी बदलली. पण जगभर ठिकठिकाणी त्याच जाळ्यासाठी रात्रंदिवस तापत असलेली लाखो ग्राफिक्स कार्डं त्या क्षणी बिनकामाची झाली. क्रिप्टो कार्बन रेटिंग्ज इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अंदाजानुसार इथेरियमचा विजेचा वापर वर्षाला सुमारे २,३०० कोटी युनिटांवरून २६ लाख युनिटांच्या आसपास आला. घट ९९.९८ टक्क्यांहून जास्त. जुनी पद्धत प्रूफ ऑफ वर्क, नवी प्रूफ ऑफ स्टेक.

एवढी वीज वाचली, तर आधी ती कशासाठी लागत होती आणि आता तिच्या जागी काय आलं, हा प्रश्न कोणालाही पडेल. तिच्या जागी काहीच आलं नसेल, तर इतकी वर्षं ती वाया गेली असं म्हणावं लागेल. आणि काही आलं असेल, तर ते तितकंच भक्कम आहे का, हे तपासावं लागेल.

मूळ अडचण अशी. बिटकॉइन काय किंवा इथेरियम काय, ही एक हिशेबाची वही आहे. तिच्या प्रती हजारो संगणकांवर असतात आणि तिच्यावर कोणा बँकेची सही नसते. व्यवहार गटागटाने नोंदले जातात, त्या प्रत्येक गटाला ब्लॉक म्हणतात आणि प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकला बांधलेला असतो. कोणता ब्लॉक खरा यावर मतदान घ्यावं म्हटलं, तर इंटरनेटवर एकच माणूस फुकटात लाखभर खाती उघडू शकतो. तेव्हा डोकी मोजून निर्णय होत नाही. मताला वजन द्यायचं, तर ते फुकट मिळत नाही अशा एखाद्या गोष्टीला जोडावं लागतं. बिटकॉइनने ते विजेला जोडलं. इथेरियमने २०२२ पासून ते खुद्द आपल्याच नाण्याला जोडलं.

बिटकॉइनमधलं हे काम जवळून पाहिलं की समजतं. हॅश नावाचं एक गणिती यंत्र आहे. त्याच्यात काहीही मजकूर घाला, बाहेर ठरावीक लांबीचा आकडा पडतो. आतला एखादा ठिपका बदलला, तरी बाहेरचा आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. कोणता आकडा पडेल हे आधी सांगता येत नाही, घालून बघावंच लागतं. ब्लॉकचं मथळ्याचं पान ८० बाइटचं असतं. त्यात आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो, या ब्लॉकमधल्या व्यवहारांचा सारांश असतो, वेळ असते आणि नॉन्स नावाचा एक मोकळा आकडा असतो. तो आकडा बदलत बदलत पुन्हा पुन्हा हॅश काढायचा आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही, याला मायनिंग म्हणतात. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकला जो नॉन्स लागू पडला तो होता 2083236893, आणि त्यातून निघालेला हॅश हा:

```
000000000019d6689c085ae165831e934ff763ae46a2a6c172b3f1b60a8ce26f
```

सुरुवातीची शून्यं मोजा, दहा आहेत. या लिपीत एक शून्य वाढलं की सरासरी सोळापट प्रयत्न वाढतात. आता एकोणीस किंवा त्याहून जास्त शून्यं असलेला हॅश लागतो. उत्तर सापडायला प्रचंड खटपट, पण सापडलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणताही साधा संगणक क्षणात पडताळतो. सगळी पद्धत या विषमतेवर उभी आहे. जुना ब्लॉक खोडून नवा लिहायचा, तर त्याच्यानंतरच्या प्रत्येक ब्लॉकची खटपट पुन्हा करावी लागते. आणि तेवढ्या वेळात बाकीचं जग पुढे पळत असतं.

आता पैशांचा हिशेब मांडू. बिटकॉइन मायनिंगसाठीच घडवलेलं एक चांगलं यंत्र सेकंदाला २०० लाख कोटी हॅश काढतं आणि साडेतीन किलोवॅट वीज घेतं. दिवसाला ८४ युनिटं झाली; कितीतरी लहान घरं तेवढ्यात महिना काढतात. २०२४ च्या मध्यात बिटकॉइनच्या साऱ्या जाळ्याची ताकद अशा साधारण ३० लाख यंत्रांइतकी होती. दर दहा मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला १४४ ब्लॉक बनतात आणि प्रत्येकाला ३.१२५ बिटकॉइन बक्षीस. ३० लाखांत एक यंत्र घेऊन एकट्याने बसलात, तर सरासरीने एक ब्लॉक लागायला ५७ वर्षं जातील. म्हणून मायनर एकत्र येऊन पूल करतात आणि बक्षीस आपापल्या ताकदीप्रमाणे वाटून घेतात. एका यंत्राच्या वाट्याला दिवसाला ०.०००१५ बिटकॉइन येतो. भाव ६० हजार डॉलर धरला, तर तेव्हाच्या दराने साडेसातशे रुपये. युनिटला आठ रुपये मोजणाऱ्याचं वीजबिल दिवसाला ६७२ रुपये होतं, वर यंत्राची किंमत निराळी. तीन-चार रुपयांनी वीज मिळाली तरच हा धंदा जमतो. म्हणूनच मायनर एके काळी चीनच्या सिचुआन प्रांतात पावसाळ्यातल्या जास्तीच्या जलविजेमागे गेले आणि पुढे अमेरिकेत टेक्सासला.

समजा भाव दुप्पट झाला. त्याच यंत्राला दिवसाला दीड हजार रुपये मिळायला लागतील. मग आणखी लोक यंत्रं लावतील, यंत्रं वाढली की प्रत्येकाचा वाटा घटेल आणि खर्च मिळकतीला टेकेपर्यंत ही भर चालू राहील. ब्लॉक मात्र तरीही दहा मिनिटांनीच येतील, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर कोड्याची कठीणता नव्याने बसवली जाते. विजेचा वापर नाण्याच्या भावावर आणि बक्षिसाच्या आकारावर ठरतो. व्यवहार किती झाले याच्याशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. ‘बिटकॉइनच्या एका व्यवहाराला घरातली इतक्या दिवसांची वीज लागते’ अशी जी वाक्यं सगळीकडे फिरतात, ती या कारणाने दिशाभूल करतात. उद्या व्यवहार निम्मे झाले, तरी वीज तेवढीच जळेल. वर धरलेल्या ३० लाख यंत्रांचाच वापर वर्षाला ९ हजार कोटी युनिटांवर जातो. प्रत्यक्षात बरीच यंत्रं जुनी आणि खादाड असल्यामुळे खरा आकडा दहा हजार कोटींच्या पुढे धरतात.

एवढी वीज जाळून मिळतं काय, ते नेमकं कळतं ती कमी पडते तेव्हा. इथेरियमचं एक सख्खं भावंड आहे, इथेरियम क्लासिक. २०१६ साली एका मोठ्या चोरीनंतर वही दुरुस्त करायची की नाही यावरून वाद झाला आणि घर फुटलं. दुरुस्ती मान्य नसलेल्यांची जुनी वही म्हणजे क्लासिक. दोघांची मायनिंगची पद्धत तेव्हा एकच होती, त्यामुळे एकीकडची ग्राफिक्स कार्डं दुसरीकडेही चालायची; पण क्लासिककडे आलेली ताकद इथेरियमच्या मानाने फारच थोडी होती. ऑगस्ट २०२० च्या पहिल्या तारखेला एकाने त्याचा फायदा घेतला. ताकद भाड्याने मिळण्याच्या बाजारातून त्याने जाळ्यातल्या बाकी सर्वांपेक्षा जास्त ताकद घेतली. क्लासिकची नाणी विक्रीसाठी एक्स्चेंजकडे पाठवली आणि मोबदला काढून घेतला. त्याच वेळी तो बाजूला गुपचूप दुसरी साखळी लिहीत होता. तिच्यात ही नाणी एक्स्चेंजकडे गेलेलीच नव्हती, त्याच्याच दुसऱ्या खात्यात होती. जवळजवळ बारा-तेरा तासांनी त्याने ३,६९३ ब्लॉकची ही साखळी एकदम सर्वांपुढे टाकली. ती जास्त कामाची होती, म्हणून नियमाप्रमाणे सगळ्या संगणकांनी तीच खरी धरली आणि आधीची सोडून दिली. एखाद्या मायनरचं इंटरनेट गेलं असेल आणि तो परत जोडला गेला असेल, असंच सुरुवातीला अनेकांना वाटलं. नंतर साखळ्या ताडून पाहिल्यावर बिटक्वेरी या कंपनीने हिशेब काढला. भाड्यापोटी सुमारे १ लाख ९२ हजार डॉलर खर्च, दोनदा खर्चलेल्या नाण्यांचं मोल सुमारे ५६ लाख डॉलर. त्याच महिन्यात असे आणखी दोन हल्ले झाले.

या घटनेत मला सर्वांत बोचतं ते असं की हल्लेखोराचं काही गेलं नाही. यंत्रं त्याची नव्हतीच. भाडं संपलं, ताकद मूळ मालकांकडे परत गेली. क्लासिकच्या नियमांत त्याला पकडण्याची किंवा दंड करण्याची सोयच नाही, कारण प्रूफ ऑफ वर्कमध्ये मायनर कोण हे वही ओळखत नाही. ती फक्त केलेलं काम ओळखते. प्रूफ ऑफ वर्कचं चलन मोठं असेल आणि त्याला लागणारी यंत्रं दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नसतील, तर ते खरोखर भक्कम असतं. बिटकॉइनवर ताबा मिळवायचा तर लाखो खास यंत्रं आणि कितीतरी वीजकेंद्रांची वीज लागेल. ती भाड्याच्या बाजारात मिळणार नाही. लहान चलनांना मात्र ही पद्धत लावू नये असंच माझं मत आहे. त्यांना ती संरक्षणाचा भास तेवढा देते.

प्रूफ ऑफ स्टेकमध्ये वही तुम्हाला ओळखते. तुमचं नाव तिला ठाऊक नसतं, पण तुमची ठेव तिच्या ताब्यात असते. निवडणुकीत उमेदवार अनामत रक्कम भरतो आणि ती जप्त होऊ शकते, तसंच हे. इथेरियमच्या मूळ योजनेत ३२ इथर गुंतवले की एका व्हॅलिडेटरला जागा मिळते. वेळ बारा-बारा सेकंदांच्या खणांत विभागलेली असते. प्रत्येक खणासाठी सोडतीने एक व्हॅलिडेटर निवडला जातो, ब्लॉक तो मांडतो. बत्तीस खणांचा एक युग, साधारण साडेसहा मिनिटांचा. त्या युगात प्रत्येक व्हॅलिडेटरने एकदा, आपल्याला कोणती साखळी खरी वाटते यावर सही करून मत द्यायचं. एकूण ठेवीच्या दोन-तृतीयांश मतांनी सलग दोन युगांच्या टप्प्यांवर शिक्कामोर्तब झालं की आधीचा टप्पा अंतिम होतो. या साऱ्याला सुमारे तेरा मिनिटं लागतात. कोडं सोडवायचं नाही, शर्यत लावायची नाही. घरातला बरा संगणक, चांगली डिस्क आणि न तुटणारं इंटरनेट एवढ्यावर काम भागतं. वाचलेल्या विजेचं सगळं रहस्य एवढंच. बक्षिसाचा मोहही आटोक्यात आला: आधी दिवसाला सुमारे १३ हजार नवे इथर निघत, विलीनीकरणाच्या वेळी ते त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शावर आले. मायनरला दर महिन्याचं वीजबिल नाणी विकून भरावं लागतं. व्हॅलिडेटरला ते करावं लागत नाही, म्हणून थोड्या बक्षिसातही तो टिकतो.

पण ठेव नुसती ठेवून भागत नाही, लबाडी पकडली गेली पाहिजे. इथे सहीचा उपयोग होतो. एकाच खणासाठी दोन वेगळे ब्लॉक मांडले, किंवा एकाच टप्प्यासाठी दोन परस्परविरोधी मतं दिली, तर दोन्हींवर सही तुमचीच असते. त्या दोन सह्या शेजारी ठेवून कोणीही जाळ्यापुढे मांडू शकतो. मग जाळं ठेवीतून काही भाग कापतं आणि तुम्हाला बाहेर काढतं. याला स्लॅशिंग म्हणतात. विलीनीकरणाच्या वेळच्या नियमात पहिला फटका एका इथरचा होता. २०२५ मध्ये तो बराच कमी केला. खरी मेख दुसऱ्या दंडात आहे. बाहेर पडायला सुमारे ३६ दिवस लागतात, आणि त्याच काळात आणखी किती जण पकडले गेले त्यावर तुमचा दंड वाढतो. एकटे सापडलात तर नुकसान थोडं. एकूण ठेवीचा एक-तृतीयांश भाग एकाच सुमारास लबाडी करताना सापडला, तर त्या सगळ्यांची पूर्ण ठेव जाते. चुकलेल्याला सौम्य आणि कट करणाऱ्याला कठोर, असा न्याय इथे गणितात बसवला आहे, आणि मला तो या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो.

आजवर ज्यांना हा दंड झाला त्यांत बहुतेकांच्या मनात लबाडी नव्हती. संगणक बंद पडला तर नुकसान नको, म्हणून काही जण त्याच चाव्या घातलेला दुसरा संगणक तयार ठेवतात. एके दिवशी पहिला परत सुरू होतो, दोन्ही एकाच वेळी सह्या करायला लागतात आणि जाळ्याच्या नजरेत तो दुटप्पी ठरतो. काही तास संगणक बंद राहिला तर गेलेल्या बक्षिसाइतकंच जुजबी नुकसान होतं. तेवढं वाचवायला जाऊन माणूस त्याहून कितीतरी जास्त गमावतो. व्हॅलिडेटर चालवायचा विचार असेल तर हे आधी मनावर कोरून घ्या: जुना संगणक कायमचा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत नव्यावर चाव्या घालायच्या नाहीत.

आता या पद्धतीची दुखरी बाजू. अंतिम शिक्क्याला दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे एक-तृतीयांशाहून थोडे जास्त व्हॅलिडेटर गप्प बसले तरी शिक्का अडतो. मे २०२३ मध्ये हे प्रत्यक्ष घडलं. जुन्या टप्प्याकडे बोट दाखवणारी मतं मोठ्या प्रमाणात आली आणि प्रिझम व टेकू ही दोन लोकप्रिय सॉफ्टवेअरं ती तपासता तपासता धापा टाकू लागली. त्यांच्यावर चालणारे व्हॅलिडेटर मागे पडले. ११ मे रोजी सुमारे २५ मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी तासाहून जास्त वेळ काहीही अंतिम होईना. नवे ब्लॉक मात्र येत राहिले, कोणाचे पैसे गेले नाहीत, कारण लाइटहाउससारखी वेगळ्या पद्धतीने लिहिलेली सॉफ्टवेअरं चालू होती. निम्म्याहून जास्त जाळं एकाच सॉफ्टवेअरवर असतं, तर काय झालं असतं याचा धडा सर्वांना मिळाला. अशी अडवणूक लांबली तर गप्प बसलेल्यांची ठेव हळूहळू झिजवत जायची, म्हणजे उरलेल्यांचं वजन पुन्हा दोन-तृतीयांशावर पोचेल, अशीही तरतूद नियमांत आहे.

दुसरी उणीव खोलवरची आहे. बिटकॉइनच्या जाळ्यात आज कोणी नवा संगणक जोडला, तर २००९ पासूनची सगळी वही तो स्वतः तपासू शकतो आणि कोणत्या साखळीमागे जास्त काम आहे हे कोणालाही न विचारता ठरवू शकतो. जळलेली वीज खोटी लिहिता येत नाही. सहीचं तसं नाही. ज्यांनी वर्षांपूर्वी आपली ठेव काढून घेतली, त्यांच्या जुन्या चाव्या कोणी विकत घेतल्या, तर त्यांनी तेव्हापासूनचा एक पूर्ण खोटा इतिहास फुकटात लिहिता येतो; आणि दंडाला आता ठेवच उरलेली नसते. म्हणून इथेरियममध्ये नव्याने येणाऱ्याला किंवा बरेच दिवस बंद राहिलेल्याला अलीकडचा एखादा अंतिम टप्पा भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावा लागतो. म्हणजे थोडा विश्वास माणसांवर टाकावा लागतो. बिटकॉइनवाले हाच मुद्दा धरून प्रूफ ऑफ स्टेकला नावं ठेवतात, आणि त्यात तथ्य आहे.

मोठ्यांच्या हाती सत्ता एकवटण्याची भीती दोन्हीकडे आहे. जून २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या पूलकडे बिटकॉइनची निम्म्याच्या आसपास ताकद गेली, तेव्हा घाबरलेले मायनर तिथून निघून गेले. आपलं यंत्र दुसऱ्या पूलकडे वळवायला काही मिनिटं लागतात. इथेरियममध्ये ज्यांच्याकडे ३२ इथर नाहीत ते लिडोसारख्या सेवांकडे आपले इथर देतात आणि एकट्या लिडोकडे अनेक वर्षं एकूण ठेवीचा चौथा ते तिसरा हिस्सा राहिला होता. तिथून बाहेर पडायला रांगेत थांबावं लागतं. एक-तृतीयांशाला अडवणुकीचा अधिकार असतो हे लक्षात घेतलं, तर हा आकडा मला फार मोठा वाटतो.

तरीही हल्ला होऊन गेल्यानंतर काय करता येतं, या कसोटीवर स्टेकचं पारडं जड आहे. बिटकॉइनवर उद्या कोणी बहुमत मिळवलं, तर यंत्रं त्याच्याकडे राहतात आणि तो रोज हल्ला करू शकतो. उपाय म्हणून हॅशची पद्धत बदलावी, तर प्रामाणिक मायनरांचीही यंत्रं भंगारात जातात. इथेरियममध्ये दोन परस्परविरोधी इतिहास अंतिम करायचे, तर किमान एक-तृतीयांश ठेव जळते. २०२४ मध्ये सुमारे सव्वातीन कोटी इथर ठेवीत होते. म्हणजे हल्ल्याची किंमत एक कोटी इथरहून जास्त, आणि ते पुन्हा विकत घेतल्याशिवाय दुसरा हल्ला नाही.

प्रूफ ऑफ वर्कच्या काटकपणाचा पुरावाही समोर आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंग बंद पाडलं आणि बिटकॉइनची जवळपास निम्मी ताकद काही आठवड्यांत नाहीशी झाली. ब्लॉक रेंगाळले, ३ जुलैला कठीणता एकदम २८ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि जाळं पुढे चालू लागलं. कोणालाही कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

बिटकॉइनसमोर मात्र वेगळा पेच उभा आहे. त्याचं बक्षीस दर चार वर्षांनी निम्मं होतं. २०२८ मध्ये ते १.५६२५ बिटकॉइनवर येईल आणि त्यानंतरही घटत जाईल. भाव किंवा व्यवहारांचं शुल्क तेवढं वाढलं नाही, तर जळणारी वीज कमी होईल आणि तिच्याबरोबर संरक्षणही.